गणपतीच्या स्प्रिंटमध्ये किती काम घ्यायचं?

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी आली. रविवारी ३१ तारखेला गौरी आल्या, सोमवारी जेवल्या आणि मंगळवारी २ सप्टेंबरला गेल्या. शुक्रवारी ५ सप्टेंबरला ईद-ए-मिलाद होती, आणि दुसऱ्याच दिवशी अनंत चतुर्दशी. पुण्यातल्या एखाद्या सॉफ्टवेअर टीमचा दोन आठवड्यांचा स्प्रिंट सोमवारी २५ ऑगस्टला सुरू होऊन ५ सप्टेंबरला संपणार असेल, तर हे जवळजवळ सगळे दिवस त्याच्या पोटात आले. स्प्रिंटच्या पहिल्या दिवशी टीम एकत्र बसते आणि ठरवते, की या दोन आठवड्यांत कोणकोणती कामं पूर्ण करून दाखवायची. एरवी या बैठकीत फारसा पेच नसतो. गेल्या दोन-तीन वेळा जेवढं झालं तेवढं पुन्हा घ्यायचं, एवढा नियम पुरतो. गणपतीत तो पुरत नाही. कोणी सावंतवाडीला, कोणी रत्नागिरीला, कोणी गौरींसाठी माहेरी किंवा सासरी. माणसं कमी आहेत हे सगळ्यांनाच दिसतं. पण कमी म्हणजे नेमकी किती, आणि त्या प्रमाणात काम किती कमी घ्यायचं, इथे अंदाज हमखास चुकतो. आणि तो बहुतेक वेळा एकाच बाजूला चुकतो: काम जास्त घेतलं जातं.

हा हिशेब नीट कसा करायचा ते एका टीमच्या आधारे पाहू. टीम कल्पित आहे, पण तिच्या तारखा खऱ्या आहेत आणि तिच्या अडचणी कोणत्याही आयटी पार्कात सापडतील अशाच आहेत. चार डेव्हलपर आणि दोन टेस्टर, अशी सहा माणसं. काम एका अमेरिकन विमा कंपनीचं, दावे मंजूर करण्याच्या ॲपचं. कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर हे ठरवणारा प्रॉडक्ट ओनर शिकागोत बसतो.

पहिली पायरी सोपी आहे. दोन आठवड्यांत सोमवार ते शुक्रवार असे दहा दिवस येतात. चतुर्थीची सुट्टी वजा केली की उरतात नऊ. सहा माणसं गुणिले नऊ, म्हणजे ५४ मनुष्यदिवस. आता रजा. पहिला डेव्हलपर सिंधुदुर्गातला. तो २६ तारखेला निघतो, गौरी-गणपती पोचवून ३ सप्टेंबरला प्रवासात असतो आणि ४ तारखेला कामावर येतो, म्हणजे सहा दिवस गेले. दुसऱ्याने २८ आणि २९ ऑगस्ट घेतले, कारण बुधवारच्या सुट्टीला शनिवार-रविवार जोडून मिळतो. तिसरीच्या घरी दीड दिवसाचा गणपती आहे, तिने २८ तारखेला अर्धा दिवस मागितला. चौथ्याची ५ सप्टेंबरला ईदची रजा. टेस्टरपैकी एक जण गौरीपूजनाचा आणि विसर्जनाचा असे दोन दिवस नाही. दुसरी रत्नागिरीला जाते आणि २८ ऑगस्टपासून २ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे कामाचे चार दिवस नाही. एकूण रजा साडेपंधरा दिवस. चोपन्नातून साडेपंधरा गेले, उरले ३८.५ मनुष्यदिवस.

ही बेरीज-वजाबाकी प्लॅनिंगच्या सकाळी तोंडी विचारून करू नये. कोकणात रेल्वेने जाणाऱ्याला आपली तारीख फार आधी ठरवावी लागते. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातल्या गाडीसाठी तो माणूस जूनच्या अखेरीसच मोबाइल घेऊन बसलेला असतो. रजेचा अर्ज मात्र कंपनीच्या पोर्टलवर कधी कधी आदल्या आठवड्यात पडतो. म्हणून टीमचं एक साधं सामायिक कॅलेंडर हवं. त्यात अर्ज केला असो वा नसो, ज्याचा जायचा बेत आहे त्याने तो लिहून ठेवायचा. मंजुरी ही मॅनेजरची बाब; अंदाजासाठी बेत पुरेसा असतो.

आता खरा प्रश्न. हे ३८.५ दिवस म्हणजे ३८.५ दिवसांचं काम का? अर्थातच नाही. कामाच्या दिवशी माणूस आठ तास हजर असला तरी ठरलेल्या कामावर आठ तास बसत नाही. रोजची उभ्याउभ्याची बैठक असते, पुढच्या कामांची चर्चा असते, दुसऱ्याचा कोड तपासायचा असतो, मेल असतात, मुलाखती घ्यायला बोलावलं जातं, चालू सिस्टिममध्ये काही बिघडलं की ते बघावं लागतं. हजर दिवसांपैकी किती हिस्सा ठरलेल्या कामाच्या पदरात पडतो, त्या प्रमाणाला फोकस फॅक्टर म्हणतात. स्वीडनच्या हेन्रिक क्निबर्ग यांनी २००७ साली ‘स्क्रम अँड एक्सपी फ्रॉम द ट्रेंचेस’ या छोट्या पुस्तकात तो मांडला आणि तिथून तो जगभरच्या टीमांत पसरला. त्यांची रीत अशी: मागच्या स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या कामाचे पॉइंट घ्या, त्यांना त्या स्प्रिंटमध्ये उपलब्ध असलेल्या मनुष्यदिवसांनी भागा, जे प्रमाण येईल त्याने पुढच्या स्प्रिंटचे उपलब्ध दिवस गुणा. अगदी नव्या टीमला मागचं काहीच नसेल, तर ७० टक्क्यांपासून सुरुवात करावी, असं त्यांनी सुचवलं होतं.

त्या पुस्तकात पॉइंट म्हणजे एक आदर्श दिवस: एका माणसाला कोणी हाक मारली नाही, एकही मीटिंग आली नाही, तर एका दिवसात होईल एवढं काम. आपली टीमही तसंच मोजते असं धरू. ज्या टीमा पॉइंटचा दिवसाशी संबंध ठेवत नाहीत त्यांनाही हीच भागाकाराची रीत चालते. फक्त उत्तराला टक्के न म्हणता दर मनुष्यदिवसाला पडणारे पॉइंट म्हणायचं.

आपल्या टीमचे मागचे तीन स्प्रिंट पाहू. १४ ते २५ जुलैच्या स्प्रिंटमध्ये ५८ मनुष्यदिवस हाताशी होते आणि ३६ पॉइंटचं काम पुरं झालं, प्रमाण ०.६२. २८ जुलै ते ८ ऑगस्टमध्ये ५५ दिवसांत ३३ पॉइंट, प्रमाण ०.६०. ११ ते २२ ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाची सुट्टी आली, रजाही होत्या, त्यामुळे ५० दिवस उरले आणि २९ पॉइंट झाले, म्हणजे ०.५८. तिन्ही मिळून १६३ दिवसांत ९८ पॉइंट, सरासरी ०.६०.

इथे ‘पुरं झालं’ या शब्दांना कडक अर्थ आहे. लिहून झालं पण टेस्ट झालं नाही, अशा कामाचे पॉइंट शून्य. ऐंशी टक्के झालंय म्हणून ऐंशी टक्के पॉइंट मोजले की फॅक्टर फुगतो, आणि फुगलेला फॅक्टर पुढच्या स्प्रिंटमध्ये सगळ्यांच्या मानेवर बसतो.

गणपतीच्या स्प्रिंटला हे लावलं तर ३८.५ गुणिले ०.६०, म्हणजे सुमारे २३ पॉइंट. नेहमीच्या सवयीने गेलेल्या टीमने तिन्ही स्प्रिंटची सरासरी काढून ३३ पॉइंट घेतले असते. रजा वजा करून, फॅक्टर लावून आपण तेहतिसावरून तेविसावर आलो. बहुतेक टीमा इथे थांबतात, आणि मागच्यापेक्षा कितीतरी बरा अंदाज त्यांच्या हाती येतो.

पण त्या तीन आकड्यांकडे पुन्हा पाहा. ०.६२, ०.६०, ०.५८. दिवस जसे कमी झाले तसं प्रमाणही उतरत गेलं. तीन स्प्रिंटवरून सिद्धांत मांडू नये हे खरं. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. तरी या टीमने आपला वेळ जातो कुठे हे खोलात जाऊन पाहिलं तर कारण सापडतं, आणि माझ्या मते रजेच्या काळातल्या नियोजनात सर्वांत कमी लक्षात घेतलं जाणारं कारण हेच आहे.

वाया जाणारा वेळ दोन जातींचा असतो. एक माणसाबरोबर येतो आणि माणसाबरोबर जातो. प्रत्येकाच्या मीटिंग, मेल, चहा, एका कामावरून दुसऱ्यावर जाताना मोडणारी लय, हे सगळं हजर माणसाच्याच वाट्याला येतं. तो रजेवर गेला की त्याच्याबरोबर तेही रजेवर जातं. दुसरा वेळ मात्र टीमच्या नावावर लिहिलेला असतो. चालू सिस्टिममधल्या तक्रारी, रात्री बंद पडलेलं एखादं काम सकाळी पुन्हा चालू करणं, सुरक्षा तपासणीची उत्तरं, ग्राहकाला दर आठवड्याला द्यायचा अहवाल. शिकागोतल्या माणसांना पुण्यात गौरी आल्याची कल्पना नसते. त्यांचे दावे रोज येतच राहतात आणि अडकतातही. आपल्या टीममध्ये अशा सपोर्टला दर स्प्रिंटला सुमारे ८ मनुष्यदिवस लागतात, सहाही जण असोत की चारच असोत. सहा मित्रांनी मिळून खोली घेतली आणि दोघे गावी गेले, तरी मालक भाडं तेवढंच मागतो. उरलेल्या चौघांचा वाटा वाढतो. सपोर्टचं तसंच आहे.

म्हणून हा बांधील भार फॅक्टरच्या आत लपवून ठेवण्याऐवजी बाहेर काढून दाखवावा. मागच्या तीन स्प्रिंटमधून प्रत्येकी ८ दिवस वजा केले तर दिवस उरतात ५०, ४७ आणि ४२. त्यावर पॉइंट ३६, ३३ आणि २९. प्रमाणं येतात ०.७२, ०.७० आणि ०.६९. आता ती एकमेकांच्या बरीच जवळ आली. सपोर्ट बाजूला ठेवल्यावर या टीमचा फोकस फॅक्टर ०.७० आहे. सूत्र असं:

```
अंदाज = (उपलब्ध मनुष्यदिवस − बांधील भार) × फोकस फॅक्टर
      = (३८.५ − ८) × ०.७०
      = २१.३५
```

तेवीसऐवजी एकवीस. दोन पॉइंटचा फरक किरकोळ वाटेल, आणि गणपतीच्या स्प्रिंटमध्ये तो खरंच फार मोठा नाही. पण रजा जशी वाढते तसा तो फुगत जातो. याच टीमचं दोन-दोन आठवड्यांचं चक्र पुढे नेलं तर २० ते ३१ ऑक्टोबरच्या स्प्रिंटमध्ये अख्खी दिवाळी येते. त्या वर्षी २१ तारखेला लक्ष्मीपूजन, २२ ला पाडवा, २३ ला भाऊबीज. तिथे समजा २६ मनुष्यदिवसच हाताशी राहिले. जुन्या रीतीने ०.६० लावून १५.६ पॉइंट येतात. सपोर्टचे ८ आधी काढले तर उरलेल्या १८ दिवसांना ०.७० लावून १२.६. म्हणजे जवळजवळ पाचव्या हिश्शाची तफावत. जी टीम वर्षभर ०.६० वर बरोबर चालते तीच दिवाळीत नेमकी तोंडघशी पडते, आणि लोकांना वाटतं की सणाच्या दिवसांत कोणाचं कामात लक्ष नव्हतं. लक्ष होतं. सपोर्टने त्या २६ दिवसांतला तीसएक टक्के वाटा आधीच उचलला होता.

बांधील भार मोजायचा कसा, असं कोणी विचारेल. त्यासाठी तासातासाची नोंद ठेवण्याची गरज नाही. सपोर्टची तिकिटं वेगळ्या रंगाने किंवा वेगळ्या लेबलने बोर्डावर लावायची आणि ज्या दिवशी जो माणूस मुख्यतः त्यात गुंतला त्याच्या नावाने अर्धा किंवा एक दिवस टाकायचा. तीन-चार स्प्रिंटमध्ये आकडा स्थिर होतो. सात निघो वा नऊ, त्याने फारसं बिघडत नाही. तो शून्य धरला की बिघडतं.

या हिशेबात एक फसवी जागा आहे, ती म्हणजे एकच वजावट दोनदा होणं. ‘अझ्युअर डेव्हऑप्स’सारख्या साधनात प्रत्येकासमोर `Capacity per day` हा रकाना असतो आणि `Days off` मध्ये रजेच्या तारखा भरता येतात. तिथे बरेच जण आठऐवजी सहा तास लिहितात, कारण दोन तास मीटिंगमध्ये जातात हे त्यांना माहीत असतं. हे ठीक आहे. पण मग एकूण तासांना वर पुन्हा ०.६० ने गुणलं, तर मीटिंगचे तास दोनदा कापले गेले. आपल्या टीमचे ३८.५ दिवस आठ तासांच्या हिशेबाने ३०८ तास होतात; ०.६० लावून सुमारे १८५. सहा तासांच्या हिशेबाने ते २३१ होतात, आणि त्यालाही ०.६० लावलं तर १३९. पंचेचाळीसहून जास्त तास कागदावरून नाहीसे झाले. उलट बाजूची चूकही होते: फॅक्टर काढताना मागच्या स्प्रिंटचे पूर्ण ६० दिवस घ्यायचे, रजा वजाच करायची नाही. मग त्या फॅक्टरमध्ये मागची रजा आधीच मुरलेली असते, आणि पुढच्या स्प्रिंटचे रजा वजा केलेले दिवस त्याने गुणले की रजा पुन्हा कापली जाते. भाजक ज्या रीतीने मोजला, पुढचे दिवसही त्याच रीतीने मोजायचे, एवढं पथ्य पाळलं की दोन्ही चुका टळतात.

अचानक आलेल्या रजेचं उत्तरही याच पथ्यात आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात पुण्यात ताप, डेंग्यू, पोटाची तक्रार काहीतरी चालूच असतं. कोण कधी आजारी पडेल हे कोणी सांगू शकत नाही, आणि त्यासाठी दोन दिवस अंदाजाने वजा करणं म्हणजे नुसता तर्क. त्यापेक्षा मागच्या स्प्रिंटचा फॅक्टर काढताना भाजकात प्लॅनिंगच्या दिवशी माहीत असलेले उपलब्ध दिवस धरावेत, प्रत्यक्षात किती भरले ते धरू नये. मग मधेच पडलेली आजारपणाची रजा आपोआप फॅक्टरमध्ये उतरते आणि पुढच्या अंदाजात तिची वजावट वेगळी करावी लागत नाही. माहीत असलेली रजा दिवसांतून जाते, माहीत नसलेली फॅक्टरमधून.

आता आपण २१ पॉइंटवर आहोत. तरीही मी या टीमला २१ घ्यायला सांगणार नाही, कारण आतापर्यंत आपण सहा माणसांना एकाच मापाने मोजलं. डेव्हलपरचा दिवस आणि टेस्टरचा दिवस एकमेकांच्या जागी चालत नाही. या टीमच्या अनुभवाने तीन पॉइंटच्या कामात सुमारे दोन पॉइंट लिहिण्याचे आणि एक टेस्टिंगचा असतो. डेव्हलपरांचे साडेसव्वीस दिवस, त्यातून सपोर्टचे सहा गेले, उरलेल्यांना ०.७०, म्हणजे चौदाच्या किंचित वर. टेस्टरांचे बारा दिवस, त्यातून सपोर्टचे दोन गेले, ०.७० ने गुणून सात. चौदा आणि सात. प्रमाण दोनास एक. बेरीज अगदी जुळून आली, आणि म्हणूनच इथे गाफील राहायला होतं. बेरीज जुळली, तारखा जुळल्या नाहीत.

टेस्टर कोणत्या दिवशी आहेत ते कॅलेंडरवर मांडून पाहा. २५ आणि २६ ऑगस्टला दोघे आहेत, पण तेव्हा तपासायला काही तयारच नाही. स्प्रिंट नुकता सुरू झाला आहे. २८ आणि २९ ला एकच जण आहे. १ आणि २ सप्टेंबरला एकही नाही. ३, ४, ५ ला पुन्हा दोघे. म्हणजे तयार कोडवर हात ठेवता येईल असे टेस्टरांचे दिवस आठच आहेत, त्यातले सहा शेवटच्या तीन दिवसांत. टेस्टिंगच्या सात पॉइंटपैकी साधारण तिसरा हिस्सा तयारीचा असतो: टेस्ट केस लिहिणं, नमुन्याचे दावे तयार करणं. ते पहिल्या दोन दिवसांत उरकेल. उरलेलं पावणेपाच पॉइंटचं काम त्या आठ दिवसांत बसवायचं आहे. सपोर्टचे दोन दिवस त्यातूनच गेले असं धरलं तर सहा दिवस गुणिले ०.७०, म्हणजे ४.२. गरजेच्या नव्वद टक्के. एकवीसचे नव्वद टक्के म्हणजे एकोणिसाच्या किंचित खाली. टीमने १८ पॉइंटचा शब्द द्यावा आणि तीन पॉइंटची छोटी कामं ‘वेळ उरला तर’ म्हणून वेगळी ठेवावी.

तेहतीस, तेवीस, एकवीस, अठरा. पहिली मोठी उडी नुसती रजा वजा करण्याची होती. पुढच्या दोन छोट्या पायऱ्या मात्र ‘थोडक्यात राहिलं’ आणि ‘झालं’ यांतलं अंतर भरून काढतात.

अठराच्या आतही कोणती कामं हे महत्त्वाचं आहे. सिंधुदुर्गला गेलेला डेव्हलपर दाव्याची रक्कम बँकेत पाठवण्याचा भाग जाणणारा एकटाच असेल, तर त्या भागाची एकही मोठी स्टोरी या स्प्रिंटमध्ये नको. तो फक्त २५ ऑगस्टला आणि ४-५ सप्टेंबरला आहे. २५ तारखेचा अर्धा दिवस त्याने दुसऱ्या कोणाला तो भाग समजावून देण्यात घालवावा, आणि तो दिवस दोघांच्याही नावावर खर्ची टाकावा. मग आठ पॉइंटची एक स्टोरी घेण्यापेक्षा दोन-तीन पॉइंटच्या स्टोऱ्या घ्याव्यात आणि त्यातल्या निदान दोन २८ तारखेपर्यंत टेस्टिंगला पोचाव्यात, म्हणजे एकटा असलेला टेस्टर ते दोन दिवस रिकामा राहणार नाही. टेस्टर नसलेल्या सोमवार-मंगळवारी डेव्हलपरांनी नवं काम उघडण्याऐवजी एकमेकांचं काम तपासावं, स्वयंचलित चाचण्या लिहाव्यात. पाच स्टोऱ्या अर्धवट ठेवण्यापेक्षा तीन पुऱ्या करणं नेहमीच चांगलं, पण या दोन दिवसांत ते पाळणं सगळ्यांत अवघड जातं, कारण डेव्हलपरच्या हाताला काम नाही हे दृश्य मॅनेजरला बघवत नाही.

आणखी एक माणूस आपल्या ३८.५ दिवसांत मोजलेलाच नाही. १ सप्टेंबर २०२५ हा सोमवार अमेरिकेत लेबर डेच्या सुट्टीचा होता. आपला शुक्रवार संध्याकाळचा प्रश्न शिकागोतल्या प्रॉडक्ट ओनरने त्याच दिवशी पाहिला नाही, तर उत्तर आपल्या मंगळवारच्या संध्याकाळी, बऱ्याचदा बुधवारी सकाळीच हाती पडणार. दहा दिवसांच्या स्प्रिंटमध्ये दोन दिवस उत्तराची वाट पाहण्यात जाऊ शकतात आणि ते कोणत्याही रजेच्या तक्त्यात दिसत नाहीत. ज्या स्टोरीबद्दल प्रश्न उरले आहेत ती एक तर २९ तारखेच्या आत विचारून घ्यायची, नाही तर या वेळी उचलायचीच नाही.

अंदाज चुकतो आहे हे स्प्रिंट संपायच्या आत कळतं. बोर्डावरचा टेस्टिंगचा रकाना भरत जातो आणि ‘पूर्ण’चा रकाना २९ तारखेलाही रिकामा असतो. उरलेल्या कामाचा आलेख तीन दिवस सपाट राहतो. आणि तिसरी खूण बोर्डावर नसते: रजेवर गेलेला माणूस गावाहून लॅपटॉप उघडून ऑनलाइन दिसायला लागतो. त्याला कोणी बोलावलेलं नसतं. आपल्यामुळे अडलं असं वाटून तो स्वतःच येतो. ज्या टीममध्ये हे घडतं तिथे अंदाजाची चूक कोणाच्या तरी आरतीच्या वेळेतून वसूल होते आहे. त्या दिवशीच प्रॉडक्ट ओनरला कळवून एखादी स्टोरी काढून टाकणं हा त्यावरचा एकमेव नीट उपाय आहे. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत २०११ सालीच स्प्रिंटच्या कामाला ‘वचन’ म्हणणं सोडून ‘अंदाज’ म्हणायला सुरुवात झाली, आणि २०२० च्या आवृत्तीत मागची कामगिरी आणि पुढची क्षमता जितकी जास्त माहीत तितका अंदाज भरवशाचा, असं म्हटलं आहे. सूत्र त्यात कुठलंच दिलेलं नाही. ते ज्या त्या टीमवर सोडलं आहे.

फोकस फॅक्टरचा गैरवापरही होतो. ०.६० हा आकडा वरच्या साहेबांच्या तक्त्यात गेला की ‘चाळीस टक्के वेळ जातो कुठे?’ असा प्रश्न येतो, आणि पुढच्या तिमाहीत ०.७५ चं लक्ष्य ठरतं. मग टीम पॉइंट वाढवून लिहायला लागते. जे काम काल तीनचं होतं ते आज पाचचं होतं. फॅक्टर चढतो, काम तेवढंच राहतं, आणि टीमच्या हातातलं एक उपयोगी माप कायमचं निकामी होतं. खुद्द क्निबर्ग यांनी २०१५ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत, आपण आता फोकस फॅक्टर फारसा वापरत नाही, त्यातून अचूकतेचा खोटा भास होतो, असं मोकळेपणाने लिहिलं. त्यांचं म्हणणं मला निम्मं पटतं. ज्या स्प्रिंटमध्ये माणसं नेहमीइतकीच आहेत तिथे मागच्या तीन वेळा जेवढं झालं तेवढं घ्यावं. गुणाकार-भागाकाराने त्यात काही भर पडत नाही. पण गणपती, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी, लग्नसराई, अशा वेळी मागच्या स्प्रिंटसारखा पुढचा स्प्रिंट नसतोच, आणि तिथे रजा वजा करण्याला दुसरा चांगला पर्याय मला माहीत नाही. फक्त उत्तर दशांशात आलं तरी ते दशांशात बोलू नये. २१.३५ हा आकडा कागदावर राहू दे. प्रॉडक्ट ओनरला १८ नक्की, २१ जमलं तर, असं सांगावं.

स्प्रिंट संपल्यावर एक नोंद राहते. गणपतीत १८ पॉइंट झाले तर तो आकडा एकटा लिहू नये, कारण पुढच्या वेळी कोणी सरासरी काढताना तो ओढून खाली आणेल, आणि ८ सप्टेंबरला सगळे परत आल्यावरही टीम उगाच कमी काम घेईल. पॉइंटच्या शेजारी मनुष्यदिवस आणि सपोर्टचे दिवस लिहावेत: १८ पॉइंट, ३८.५ दिवस, सपोर्ट ८. यावरून सपोर्टशिवायचा फॅक्टर ०.५९ येतो. तो ०.७० पेक्षा खाली आहे, आणि त्याचं कारण टेस्टर नसलेले दोन दिवस हे टीमला ठाऊक आहे, म्हणून त्यापुढे तेही चार शब्दांत लिहून ठेवावं. दिवाळीच्या स्प्रिंटचं प्लॅनिंग करताना २६ दिवस, त्यातून ८ गेले, गुणिले ०.७०, असं १२.६ वर यायचं. आणि मग शब्द देण्याआधी २४ आणि २७ ऑक्टोबरला टेस्टर कोण आहे, ते विचारून घ्यायचं.